नऊ स्लाइडचे आठ सीन: नव्या यंत्राच्या लॉन्च व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिताना

नवं उत्पादन बाजारात आणणाऱ्याकडे व्हिडिओच्या आधी बहुतेक वेळा स्लाइड तयार असतात. बँकेसाठी किंवा गुंतवणूकदारासाठी बनवलेल्या त्या आठ-दहा स्लाइडमध्ये अडचण, उपाय, किंमत असं सगळं आलेलं असतं. "याचाच दीड मिनिटाचा व्हिडिओ करून द्या," असं म्हणून त्या आपल्या हातात येतात. इथे नवा माणूस हमखास एक चूक करतो. तो पहिल्या स्लाइडचा पहिला सीन, दुसरीचा दुसरा असं धरतो आणि स्लाइडवरचे मुद्दे वाचून दाखवणारा आवाज त्यावर चढवतो. पण स्लाइड वाचायची गोष्ट आहे. वाचणारा तिच्यावर हवा तितका वेळ थांबतो, मागे जातो. व्हिडिओ पाहणाऱ्याला तसं थांबता येत नाही. म्हणून कुठली स्लाइड कुठल्या सीनमध्ये जाणार, किती सेकंद राहणार आणि कुठली जाणारच नाही, हे आधी कागदावर ठरवावं लागतं. या कागदाला मी जुळणीचा तक्ता म्हणतो. स्क्रिप्ट त्यातूनच निघते.

मी केलेलंच एक काम उदाहरणाला घेतो. नाशिक जिल्ह्यातल्या दोन तरुणांनी कांदाचाळीसाठी एक छोटी डबी बनवली होती. ती ढिगात ठेवायची. आतलं तापमान आणि हवेतली ओल ती मोजते आणि ओल वाढून तशीच राहिली तर शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज पाठवते. उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात काढून चाळीत भरतात आणि पुढे पाच-सहा महिने भाव बघत थोडा थोडा विकतात. साठवणीसाठी २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. पावसाळ्यात ओल त्याच्या वर जाते आणि सड, काजळी सुरू होते. डबीचं काम एवढंच, की हे शेतकऱ्याला वेळेवर कळावं.

त्यांच्या नऊ स्लाइड अशा होत्या: नाव आणि बोधचिन्ह, कांद्याचं साठवणुकीतलं नुकसान, बाजारपेठ केवढी, डबीचे भाग, ती कशी चालते याची आकृती, एका चाळीतल्या नोंदींचा आलेख, किंमत, आम्ही कोण, संपर्क.

आधी स्लाइडच्या नोट्स बाहेर काढा

स्लाइडवर दिसतं त्यापेक्षा कामाचा मजकूर बऱ्याचदा खालच्या नोट्समध्ये असतो, कारण माणूस बोलताना जे सांगणार असतो ते तो तिथे लिहून ठेवतो. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये `File > Export > Create Handouts` इथे जाऊन `Notes next to slides` हा पर्याय निवडला, की वर्डमध्ये तीन रकान्यांचा तक्ता आपोआप तयार होतो. त्यात स्लाइडचा क्रमांक, तिचं छोटं चित्र आणि नोट्स असतात. त्याला उजवीकडे आणखी तीन रकाने जोडा: सीन, सेकंद आणि चित्र कुठून आणायचं. आपला कच्चा तक्ता झाला.

आमच्या डबीच्या बाबतीत दुसऱ्या स्लाइडवर नुकसानीचे चार मुद्दे होते, सगळे टक्क्यांत. नोट्समध्ये मात्र एकच ओळ होती: "बाबा म्हणतात, वास आला तेव्हा कळलं." तीच ओळ व्हिडिओचं पहिलं वाक्य झाली. चारही टक्के गेले.

मग स्लाइड गाळा, फोडा, हलवा

प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: हा व्हिडिओ जो माणूस बघणार आहे, त्याला हे बघून डबी घ्यावी की नाही हे ठरवायला मदत होते का? बाजारपेठ केवढी हे कळून शेतकऱ्याला काही उपयोग नाही, म्हणून तिसरी स्लाइड गाळली. आठवीही गाळली. 'आम्ही कोण' हे त्या दोघांना फार जवळचं होतं, पण तो मजकूर लॉन्चच्या दिवशी मंचावर बोलायला ठेवला. पहिली स्लाइड, म्हणजे नाव, सुरुवातीला नको म्हटलं. गरज दिसण्याआधी नाव आलं तर ते लक्षात राहत नाही. ते तिसऱ्या सीनमध्ये, डबी पहिल्यांदा दिसते तेव्हा आलं.

उलट पाचवी स्लाइड एकटीच दोन सीन मागत होती. आकृतीत डबी, टॉवर, सर्व्हर, फोन अशी बाणांची रांग होती. त्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. ढिगात काय होतं ही एक आणि मेसेज आल्यावर शेतकऱ्याने काय करायचं ही दुसरी. टॉवर आणि सर्व्हर सोडून दिले. शेवटी तक्ता असा झाला:

| स्लाइड | सीन | सेकंद | चित्र कुठून |
|---|---|---|---|
| २ (नुकसान) | १ | १० | चाळीत शूटिंग, पावसात |
| २ | २ | १२ | चाळीत शूटिंग, ढीग उकरताना |
| १ व ४ (नाव, डबी) | ३ | १० | डबीचा क्लोजअप |
| ५ (कशी चालते) | ४ | १४ | ढिगाच्या शॉटवर ग्राफिक |
| ५ | ५ | १८ | फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि चाळ |
| ६ (आलेख) | ६ | १६ | हलता आलेख |
| ७ (किंमत) | ७ | १० | अक्षरं |
| ९ (संपर्क) | ८ | १० | अक्षरं |
| ३, ८ | नाही | | |

एकूण शंभर सेकंद.

शेवटच्या रकान्याकडे नवे लोक लक्ष देत नाहीत, आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होते. ही डबी विकायची वेळ म्हणजे चाळ भरायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण पहिल्या दोन सीनला पाऊस आणि सडलेला कांदा लागतो, आणि तो जुलै-ऑगस्टशिवाय मिळत नाही. आमचा तक्ता जुलैमध्ये तयार झाला म्हणून हे वेळेत लक्षात आलं. ऑगस्टमध्ये एका पावसाळी दुपारी ते दोन सीन उरकले. लॉन्च पुढच्या फेब्रुवारीत होता. तक्ता जानेवारीत केला असता, तर नळीने पत्र्यावर पाणी मारून पाऊस दाखवावा लागला असता. ज्याने आयुष्यभर चाळ सांभाळली त्याला असा पाऊस लगेच ओळखू येतो, आणि मग पुढचं काही तो खरं मानत नाही.

शब्द मोजून लिहा

मी मोजलंय त्याप्रमाणे मराठीत सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. इंग्रजीचा हिशोब इथे लावू नका. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द कमी दिसतात पण लांब असतात. शंभर सेकंदांतले वीस सेकंद बिनबोलते ठेवायचे, म्हणजे चित्राला आणि आवाजांना जागा राहते. उरलेल्या ऐंशी सेकंदांत १४५ च्या आसपास शब्द बसतात. आमचा पहिला मसुदा स्लाइडवरचे मुद्दे जोडून केलेला होता. तो मोठ्याने वाचला तर दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. शेवटच्या मसुद्यात शंभराच्या आसपास शब्द राहिले.

स्क्रिप्टचं पान उभं दोन भागांत करा. डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. पहिले दोन सीन असे होते:

*सीन १, १० सेकंद.* दिसतं: चाळीच्या पत्र्यावर पाऊस. शेतकरी एक कांदा उचलून नाकाजवळ नेतो. ऐकू येतं: पहिले पाच सेकंद नुसता पाऊस. मग: "वास आला, तेव्हा कळलं."

*सीन २, १२ सेकंद.* दिसतं: दोन हात ढीग उकरतात. वरचे कांदे कोरडे, आतले ओले आणि काळे. ऐकू येतं: "चाळ बाहेरून कोरडी दिसते. ढिगाच्या पोटात मात्र ओल साठते, आणि एक कांदा सडला की शेजारचे चार घेऊन जातो."

उजवा रकाना लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. एक, आकडे अक्षरांत लिहा. स्लाइडवर '₹७,५००' असलं तरी आवाजाच्या रकान्यात 'साडेसात हजार' लिहायचं, नाहीतर स्टुडिओत कुणी 'सात हजार पाचशे' म्हणतं, कुणी साडेसात, आणि तीन टेक वाया जातात. पडद्यावर मात्र आकडाच दिसू दे. दुसरी गोष्ट, स्लाइडची भाषा उचलू नका. तिथे 'सापेक्ष आर्द्रता' होतं. चाळीत कुणी असं म्हणत नाही, 'ओल' म्हणतात. ग्राफिकमध्येही आम्ही 'ओल ७२%' असंच लिहिलं.

दावा कुठे संपतो ते लिहा

माझ्या मते सगळ्या स्क्रिप्टमध्ये मोलाचं वाक्य पाचव्या सीनमध्ये होतं, आणि ते मूळ स्लाइडमध्ये कुठेच नव्हतं. ते कसं आलं ते सांगतो.

शूटिंगच्या आधी आम्ही कच्चा व्हिडिओ केला. स्लाइडवर मोबाइलने काढलेले फोटो लावले, प्रत्येक स्लाइडला तक्त्यातले सेकंद दिले, आवाज आमच्यापैकीच एकाने फोनवर रेकॉर्ड केला आणि पॉवरपॉइंटच्या `Create a Video` मधून फाइल काढली. सेकंद आपण दिले नाहीत तर तो प्रत्येक स्लाइडला पाच सेकंद देतो, म्हणून हे विसरू नका. नोट्स व्हिडिओत जात नाहीत, त्याची काळजी नको. हा कच्चा व्हिडिओ गावातल्या तीन शेतकऱ्यांना वेगवेगळा दाखवला आणि फोन बाजूला ठेवून विचारलं, "ही डबी काय करते?"

तिघांपैकी दोघं म्हणाले, "कांदा सडू देत नाही." एकाने तर विचारलं, आत पंखा आहे का.

त्यांची काही चूक नव्हती. आधी सडलेला कांदा, मग डबी, मग चांगला कांदा असा आमचा क्रम होता. चित्रांच्या क्रमातूनच माणूस कारण जोडतो. शब्दांत आम्ही कुठेही तसं म्हटलं नव्हतं, तरी व्हिडिओ तसं म्हणत होता. हे तसंच गेलं असतं तर ऑगस्टमध्ये फोन सुरू झाले असते: डबी होती तरी कांदा सडला. मग पाचवा सीन पुन्हा लिहिला:

*सीन ५, १८ सेकंद.* दिसतं: फोनवर मेसेज. शेतकरी चाळीशी येतो, पाऊस थांबलाय, बाजूची ताडपत्री वर गुंडाळतो. शेवटी ढिगाकडे बघत उभा. ऐकू येतं: "कांदा ही डबी वाचवत नाही. ती वेळेवर सांगते. बाजूच्या ताडपत्र्या वर करायच्या, ढीग हलवायचा की कांदा बाजारात न्यायचा, हे तुम्ही ठरवायचं."

शेवटी दाखवायचा चांगल्या कांद्याचा ढीग काढून टाकला. पुन्हा तीन नव्या माणसांना दाखवलं. "ओल वाढली की फोनवर कळवते," असं तिघांनी आपापल्या शब्दांत सांगितलं. तुमची तपासणीही अशीच ठेवा. व्हिडिओ आवडला का, हे विचारू नका. वस्तू काय करते ते परत सांगायला लावा, आणि तुम्ही न दिलेलं वचन त्यात आलं तर कुठल्या दोन सीनच्या जोडावरून ते आलं ते शोधा.

हाच नियम आकड्यांना. दुसऱ्या सीनच्या एका मसुद्यात "वास येण्याच्या पंधरा दिवस आधी सड सुरू होते" असं होतं. कुणी मोजलं होतं का, विचारलं. नव्हतं. वाक्य गेलं. जाहिरातीत केलेला दावा सिद्ध करता आला पाहिजे, हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत आलंच आहे. त्याच सूचनांप्रमाणे खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत हवी. दावा आवाजात असेल, तर ती ओळ आवाजाबरोबरच पडद्यावर आली पाहिजे. म्हणून आमच्या तक्त्यात सहाव्या सीनसमोर, आवाज जिथे सुरू होतो तिथेच ही ओळ नोंदवली होती: "एका चाळीतली नोंद. प्रत्येक चाळीत फरक पडेल."

आलेखाचा सीन

सहाव्या स्लाइडवर तापमान आणि ओल अशा दोन रेघा, तारखा, चौकटी, रंगांची सूची असं सगळं होतं. सोळा सेकंदांत हे कुणी वाचत नाही. तापमानाची रेघ काढली, चौकटी काढल्या. उरली एक रेघ, आणि ती आवाजाबरोबर पुढे सरकते: "ही रेघ एका चाळीतली. इथे पाऊस लागला. इथे ओल चढली. इथे मेसेज आला. आणि इथे ताडपत्री वर केली." प्रत्येक 'इथे'ला रेघेवर एक ठिपका उमटतो. ॲनिमेशन करणाऱ्यासाठी आवाजाच्या रकान्यात ठिपक्यांचे क्रमांक टाकून ठेवले होते. आधी आवाज रेकॉर्ड करून त्यावर आलेख हलवा. उलटं केलं तर बोलणाऱ्याला आलेखामागे धावावं लागतं.

व्हिडिओतली मराठी अक्षरं एडिटरकडे देताना युनिकोडमध्येच द्या. छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला की त्याची भलतीच अक्षरं होतात. युनिकोड असूनही प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये जोडाक्षरं तुटत असतील, तर `Preferences` मध्ये `South Asian and Middle Eastern` हे टेक्स्ट इंजिन निवडलंय का बघा. तपासायला 'आर्द्रता' आणि 'विक्री' हे दोन शब्द पुरेत. रफार सुटलेला किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला दिसली, की तिथेच थांबा. अक्षरं मोठी ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरताना व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक ओळ पुसट होते.

नोट्स दोन माणसांसाठी असतात

स्पीकर नोट्स म्हटलं की नवे लोक स्क्रिप्टच पुन्हा तिथे चिकटवतात. तिचा कुणालाच उपयोग होत नाही. नोट्स वाचणारी दोन वेगळी माणसं आहेत, आणि दोघांना वेगळं काही हवं असतं.

पहिला आवाज देणारा. त्याला शब्द दिसतातच. कसे म्हणायचे ते त्याला हवं. पाचव्या सीनला आम्ही लिहिलं होतं: "'वाचवत नाही' यावर जोर नको, खरं ते सांगतोय अशा सरळ सुरात. मग एक पूर्ण श्वास. 'तुम्ही ठरवायचं' हे मान देऊन, ओझं टाकल्यासारखं नाही." पहिल्या सीनला: "पाऊस पूर्ण ऐकू येऊ दे, त्यानंतर बोला. हे वाक्य स्वतःशी म्हटल्यासारखं."

दुसरा माणूस मंचावरचा. लॉन्च बाजार समितीजवळच्या एका सभागृहात होता आणि त्या दोघांपैकी थोरला बोलणार होता. व्हिडिओ ज्या स्लाइडवर आहे तिच्या नोट्स प्रेझेंटर व्ह्यूमध्ये फक्त त्याला दिसणार होत्या. त्यात हे लिहिलं:

"व्हिडिओ चालू असताना बोलू नको. तिसऱ्या सीनला, पडद्यावर डबी आली की खिशातली डबी काढून हातात धर, वर करू नको. शेवटचे शब्द: 'चाळ भरायच्या आधी फोन करा.' त्यानंतर दोन सेकंद थांब. तुझं पहिलं वाक्य: 'ही डबी तुमच्यात फिरवतो, हातात घेऊन बघा.' रेंजचं विचारतील. रेंज नसेल तर नोंद डबीत साठते, रेंज आली की मेसेज जातो. उशीर होऊ शकतो, हे लपवू नको."

व्हिडिओचे शेवटचे शब्द आणि बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य शेजारी शेजारी लिहिणं फार उपयोगाचं आहे. नाहीतर व्हिडिओ संपतो, दिवे लागतात आणि माणूस "तर... हा व्हिडिओ आपण पाहिला" असं काहीतरी म्हणून सुरू होतो. गाळलेल्या दोन स्लाइडही याच नोट्समध्ये जागा शोधतात. 'आम्ही कोण' हे त्याने डबी फिरत असताना चार वाक्यांत सांगितलं, आणि लोकांनी ते मनापासून ऐकलं, कारण तोवर डबी त्यांच्या हातात आली होती.

तालीम सभागृहातच करा, तिथल्याच लॅपटॉपवर आणि तिथल्याच स्पीकरवर. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये सुरुवात `Automatically` ठेवा. `In Click Sequence` असेल तर घाईत दोनदा बटण दाबलं जातं आणि स्लाइड पुढे निघून जाते. आमच्या तालमीत पहिल्या सीनचा पाऊस ऐकूच आला नाही, कारण सभागृहातले पंखे त्याच पट्टीत घुमत होते. पाच सेकंद काही बोलणं नाही, पाऊसही नाही, म्हणजे आवाज बिघडला असंच वाटलं असतं. पावसाचा आवाज वाढवून फाइल पुन्हा काढली, आणि नोट्सच्या सगळ्यात वर एक ओळ लिहिली: "सुरू करण्याआधी पंखे बंद करायला सांग."